सात दिवस उलटले म्हणून पैठणीचे पैसे बुडाले का?

संगमनेरकर
'शुद्ध रेशीम, हातमाग' असे लिहिलेली पैठणी ऑनलाइन मागवली, ₹१४,५०० मोजले आणि हाती आली पॉलिस्टरची. हे कळले एकविसाव्या दिवशी. परतीची मुदत सात दिवसांचीच होती म्हणून त्यांनी हात वर केले. माझा सर्वांना सल्ला आहे की सात दिवस उलटले की पैसे विसरा आणि ग्राहक आयोगाच्या फंदात पडू नका. तिथे वकीलच खिसा रिकामा करतो.

तक्रारवही
ताई, तुमचे नुकसान झाले याचे वाईट वाटते, पण हा सल्ला वाचून शंभर जण गप्प बसतील, म्हणून सविस्तर लिहितो. मी बारा वर्षे एका ग्राहक संघटनेत तक्रारी लिहून देण्याचे काम केले आहे.

सात दिवसांची मुदत हे त्या कंपनीचे धोरण आहे. रंग आवडला नाही, मन बदलले, अशा परतीसाठी ते लागू पडते. वस्तू बनावट निघाली किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसले, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही, असे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिले आहे. आयोगाकडे जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. एकविसावा दिवस म्हणजे काहीच उशीर नाही.

वकिलाची सक्ती नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला दाखल-शुल्कही नाही. विक्रेता सुरतेचा असो वा बनारसचा, तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. २०१९ च्या कायद्यातील ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे.

खातेपुस्तक
एवढा लांबचा रस्ता कशाला? बँकेला तीन दिवसांत कळवले की ग्राहकाची जबाबदारी शून्य, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. कार्डाने पैसे भरले असतील तर बँक निमूटपणे परत करते. माझ्या भाच्याला असेच मिळाले.

तक्रारवही
तो नियम २०१७ चा आहे आणि तो तुमच्या संमतीशिवाय खात्यातून पैसे गेले असतील तर लागू होतो. ताईंनी पैसे स्वतः भरले आहेत. तुमच्या भाच्याला बहुधा चार्जबॅक मिळाला असेल, आणि ती वाट खरोखर आहे. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही किंवा बनावट आहे, या कारणावरून कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवता येतो. त्याची मुदत बरीच मोठी असते, मात्र ती बँकेला विचारून घ्यावी. विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार बँक हमखास मागते. त्यामुळे आधी लेखी तक्रार करण्याला पर्याय नाही.

खातेपुस्तक
नियमाच्या बाबतीत माझी गल्लत झाली, हे मान्य करतो. पण कार्ड असेल तर आधी बँकेकडे जावे, या मताला मी चिकटून आहे.

संगमनेरकर
मी यूपीआयने भरले होते, त्यामुळे तो विषय संपला. शिवाय साडी रेशमाची नाही हे मी सिद्ध कसे करणार? माझ्याकडे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नाही. फॉल लावणाऱ्या मावशींनी पदर उलटा करून दाखवला, मागे सगळे धागे मोकळे लोंबत होते, तेव्हा मला कळले.

मागावरून
मी येवल्याचा आहे, घरात तीन पिढ्यांचा माग आहे. मावशींचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धाच आहे. जुन्या पद्धतीच्या पैठणीत विणकर वेगवेगळ्या रंगांच्या कांड्यांनी मोर आणि वेल भरत जातो आणि रंग एकमेकांत अडकवतो, म्हणून पदर उलट-सुलट जवळजवळ सारखाच दिसतो. परंतु आमच्याकडे हातमागावर जॅकार्ड लावून ब्रोकेड पैठणीही विणली जाते आणि तिच्या मागे धागे दिसतात. ती हातमागाचीच असते. आयोगापुढे तुम्ही केवळ धागे दाखवलेत, तर समोरचा अशीच एखादी साडी पुढे करून तुमचा मुद्दा पाडील.

माझे खरे दुःख वेगळे आहे. यंत्रावर दिवसात निघणाऱ्या साडीला 'येवला पैठणी' म्हणून विकतात, आणि आमच्या घरात एका पदरावर आठवडे जातात. सेमी पैठणी म्हणून विका, कोण अडवतो? नाव आमचे कशाला लावता?

तक्रारवही
दादांनी फार मोलाची गोष्ट सांगितली. याच कारणाने मी अशा तक्रारीत 'रेशीम नाही' हा मुद्दा पहिला ठेवतो आणि 'हातमाग नाही' हा दुसरा, कारण कोणता तंतू आहे हे प्रयोगशाळा निर्विवाद सांगू शकते.

माझ्या बहिणीच्या सुनेचे प्रकरण सांगतो. तिची साडी ₹११,२०० ची होती. ब्लाउजपीसच्या कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढून आम्ही वेगवेगळा जाळला. उभ्याला केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरडली गेली. आडवा वितळून त्याची टणक काळी गोळी झाली. म्हणजे ताणा रेशमाचा आणि बाणा पॉलिस्टरचा होता. एकच धागा जाळला असता तर आम्ही फसलो असतो. हा अर्थात घरगुती अंदाज झाला; पुढे सिल्क मार्कच्या तपासणी केंद्रातून लेखी अहवाल घेतला. सिल्क मार्क रेशमाचीच हमी देतो, हातमागाची नाही, हेही ध्यानात ठेवा.

दुसरा पुरावा जाहिरातीचा. तक्रार जाताच विक्रेत्याने पानावरचे 'शुद्ध रेशीम' हे शब्द काढून टाकले. पण ऑर्डर दिल्यावर आलेल्या ईमेलमध्ये आणि बिलावर वस्तूचे पूर्ण नाव जसेच्या तसे होते, आणि त्यावरच प्रकरण उभे राहिले. ताई, तुमची मेल शोधा. व्हिडिओ असता तर बरे झाले असते, पण कायद्याने तो सक्तीचा नाही.

लातूर वस्त्रदालन
मी दुकानदार आहे आणि ऑनलाइनही विकतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. फॉल-पिको झालेली साडी आम्ही परत का घ्यावी? गेल्या लग्नसराईत माझ्याकडे एक साडी परत आली. निऱ्यांवर हळदीचा डाग होता, काखेत अत्तराचा वास होता, आणि ग्राहक म्हणतात की रेशीम खोटे आहे. दुसऱ्या वेळी तर खोक्यात माझी साडीच नव्हती, कुणाची तरी जुनी सेमी घडी घालून पाठवली होती. तो तोटा मी सोसला. तुम्ही सगळे विक्रेत्यालाच चोर ठरवता.

संगमनेरकर
मी साडी नेसलेलीही नाही! फॉल लावल्याशिवाय साडी नेसता येत नाही, आणि फॉल लावायला दिल्यावरच दोष कळला. मग माझा गुन्हा काय? तुम्ही मला त्या हळदीच्या डागवालीच्या रांगेत बसवू नका.

लातूर वस्त्रदालन
तुम्हाला उद्देशून बोललो नाही. पण शिवलेली साडी पुन्हा विकता येत नाही, हे वास्तव आहे.

मागावरून
पुन्हा विकता येत नाही हे खरे, पण मुळात जी पॉलिस्टरची आहे ती रेशीम म्हणून पुन्हा विकायचीच कशाला? भाऊ, राग धरू नका, पण खोट्या मालाच्या बाबतीत फॉलचा मुद्दा गैरलागू आहे.

लातूर वस्त्रदालन
माल खोटा हे ठरेपर्यंत तो खोटा नसतो. आणि ते ठरवणार कोण, तर ज्याने फॉल लावला तोच! मी आता प्रत्येक साडीच्या काठाला क्रमांकाचे प्लास्टिक सील लावतो. ते तुटले की परत घेत नाही. कुणी कितीही नियम सांगितले तरी घेणार नाही.

तक्रारवही
सील लावणे अगदी योग्य आहे आणि साडी बदलून पाठवणाऱ्यांविरुद्ध तो तुमचा उत्तम पुरावा ठरेल. पण माल खोटा निघाल्यास तुटलेले सील तुम्हाला वाचवणार नाही. ठरवण्याचे म्हणाल तर ग्राहक ते ठरवत नाही. तपासणीशिवाय दोष कळण्याजोगा नसेल तर आयोग स्वतः नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. तपासणीचे शुल्क मात्र आधी तक्रारदाराला भरावे लागते. अदलाबदलीची तुमची तक्रार मी खोटी मानत नाही. तशी माणसे असतात.

विदर्भवासी
माझाही एक प्रश्न आहे. दुकानातून घेतलेला मिक्सर चार महिन्यांत बंद पडला, तर हेच नियम लागू होतील का?

तक्रारवही
ई-कॉमर्सचे नियम लागू होणार नाहीत. तो वॉरंटीचा विषय आहे. वेगळा धागा काढावा, तिथे लिहीन.

वांद्र्याहून
मी आयोगात गेलो होतो. बुटांच्या ₹६,००० साठी तीन वर्षे तारखा चालल्या. कायदा तीन महिने सांगतो, तपासणी असेल तर पाच, पण तो कागदावर. अखेर निकाल माझ्या बाजूने लागला, पण वसुलीसाठी पुन्हा अर्ज करावा लागला. संगमनेरकरांचा सल्ला मला कटू अनुभवातून आलेला वाटतो आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही.

तक्रारवही
विलंबाबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही; मीही तो पाहिला आहे. म्हणूनच आयोग ही शेवटची पायरी आहे आणि बरीच प्रकरणे त्याआधी मिटतात. सुनेच्या प्रकरणात आधी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार केली. त्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. त्याच पत्रात विक्रेत्याचा पूर्ण पत्ता मागितला. लेखी मागणी केल्यावर तो द्यावाच लागतो. मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नोंद केली. ही हेल्पलाइन आदेश देत नाही, केवळ मध्यस्थी करते. तिथून ₹१,५०० च्या कूपनचा प्रस्ताव आला. 'पूर्ण व अंतिम तडजोड' असे शब्द त्यात होते, म्हणून आम्ही तो नाकारला. त्यानंतर पंधरा दिवसांची नोटीस रजिस्टर पोस्टाने संकेतस्थळ आणि विक्रेता या दोघांना पाठवली, आणि मुदत संपल्यावर e-jagriti.gov.in वर तक्रार दाखल केली. पहिल्या तारखेआधीच ₹११,२०० खात्यात आले. मनस्तापाची भरपाई मिळाली नाही.

वांद्र्याहून
तुम्ही नशीबवान ठरलात. माझा विक्रेता पहिल्या तारखेलाही फिरकला नव्हता.

संगमनेरकर
मेल सापडली. बिलावर 'प्युअर सिल्क हँडलूम पैठणी' असेच लिहिले आहे. आज रात्री तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र पाठवते. पैसे विसरा हे वाक्य मागे घेते. आयोगाबद्दलचे मत अजून मागे घेत नाही. एक विचारायचे होते: फॉल उसवून ठेवू की तसाच राहू देऊ?

तक्रारवही
तसाच राहू द्या. साडी धुऊ नका, इस्त्री करू नका, खोक्यावरचे लेबलही फाडू नका. आणि मावशींकडून दोन ओळी लिहून घ्या की साडी त्यांच्याकडे कोणत्या तारखेला आली आणि तेव्हा ती नेसलेली नव्हती.

लातूर वस्त्रदालन
मावशींचे पत्र मी विक्रेता असतो तर ग्राह्य धरले नसते. प्रयोगशाळेचा अहवाल आला असता, तर पैसे दिले असते.