मदत हवी आहे: रोजच्या ऑफिससाठी क्लीट्सचे बूट घ्यावेत की स्नीकर्सच बरे?

कोथरूडकर_पेडल
कोथरूड ते हिंजवडी, चांदणी चौकातून खाली उतरून सर्व्हिस रोडने. हायब्रिड सायकल, तिच्यासोबत आलेले प्लास्टिकचे पेडल, पायात मऊ तळव्याचे स्नीकर्स. दोन तक्रारी आहेत. पावसात पाय पेडलवरून सटकतो, एकदा तर पेडल नडगीवर बसलं. आणि बाणेरच्या पुढे गेलं की बोटांना मुंग्या येतात. दुकानदार म्हणतो, क्लीट्स लाव, दोन्ही प्रश्न मिटतील. पण वाटेतले सिग्नल आणि अचानक आडवे येणारे रिक्षावाले बघता पाय अडकवून घ्यायची भीती वाटते. काय करू?

वाऱ्यावरची_वरात
बिनधास्त घ्या! क्लीट्सने पाय वरही ओढता येतो, त्यामुळे ताकद जवळजवळ दुप्पट लागते. चढावर फरक लगेच कळतो.

जुनी_चेन
दुप्पट वगैरे काही नाही हो. एकसारख्या वेगात चालवताना मुद्दाम वर ओढलं तर उलट दमायला जास्त होतं. प्रयोगशाळेत मोजून पाहिलंय लोकांनी. उभं राहून जोर मारताना फायदा होतो, तो खरा. ऑफिसच्या वाटेवर क्लीट्सचं काम एवढंच की पाय एका जागी राहतो.

कोथरूडकर, तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. पाय सटकतो तो मुख्यतः पेडलमुळे. प्लास्टिक ओलं झालं की गुळगुळीत होतं. लोखंडी पिना असलेले रुंद सपाट पेडल लावा, याच स्नीकर्समध्ये पाय धरून राहील. मात्र पाय घसरला तर त्याच पिना नडगी सोलतात, हे लक्षात ठेवा.

मुंग्यांचं बहुधा तळव्यामुळे. बूट हातात घेऊन मधोमध वाकवून बघा. सहज दुमडला तर सगळा भार पेडलच्या तेवढ्याशा भागावर, म्हणजे चवड्याच्या एकाच जागी येतो. शिवाय लेस आवळून बांधत असाल तर वरूनही दाब. आधी लेस एक घर सैल करून चार दिवस चालवा, त्याला पैसे पडत नाहीत.

सुगरण_सायकलस्वार
माझे क्लीट्स आहेत आणि उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखतो. हे क्लीट्समुळेच का? सोडून द्यावेत का?

जुनी_चेन
ताई, धाग्याचा विषय वेगळा आहे, तरी सांगतो. खुर्चीत बसून पाय मोकळे लोंबू द्या आणि उजवा पंजा आपोआप कुठे वळतो ते बघा. क्लीट त्याला सरळ कोंबत असेल तर गुडघा तक्रार करणारच. स्क्रू थोडे सैल करून क्लीट त्या कोनाकडे फिरवा, एका वेळी अगदी थोडंच. तरी दुखलं तर सीटची उंची तपासा. दुखणं जुनं असेल तर फिजिओकडेच जा.

कोथरूडकर_पेडल
आभार. पण समजा क्लीट्सच घ्यायचे ठरवले तर पडण्याचं काय?

जुनी_चेन
सुरुवातीला बहुतेक सगळे पडतात, तेही थांबलेल्या सायकलवरून. दोन स्क्रूंचे एसपीडी घ्या. त्यात क्लीट तळव्याच्या खाचेत बसते, त्यामुळे ऑफिसच्या जिन्यावर नीट चालता येतं. तीन स्क्रूंचे रोड बूट घेतले तर फरशीवर बदकासारखं चालावं लागेल. शिमानोच्या एसएच ५१ क्लीटमधून टाच बाहेर वळवली तरच पाय सुटतो. एसएच ५६ तिरकी वर ओढली तरी सुटते. घाबरणाऱ्याने ५६ घ्यावी. पेडलवरचा स्प्रिंगचा स्क्रू ३ मिमीच्या अ‍ॅलन कीने सगळ्यात सैल करा.

आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, म्हणून डावा पाय टेकायचा. सिग्नल दिसला की थांबायच्या आधीच तो सोडवायचा, थांबल्यावर नाही. आधी भिंतीला धरून सवय करा.

पावसाळी_पंप
एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने एसपीडी असे पेडलही मिळतात, मी तेच वापरतो. गर्दीत सपाट बाजू, मोकळ्या रस्त्यावर क्लीट. नको ती बाजू नेहमी वर येते, हा एक ताप. आणि पावसाळ्यात चिखल खाचेत बसला की पाय अडकतच नाही, काडी खिशात ठेवा. क्लीटचे स्क्रू ग्रीस लावूनच बसवा, नाहीतर गंजून जाम होतात.

वाऱ्यावरची_वरात
मला तर चढावर फरक पडतोच. मोजणारे मोजोत.

कोथरूडकर_पेडल
अपडेट: पिनांचे पेडल लावले, परवाच्या पावसात पाय हलला नाही. लेसही सैल केली. मुंग्या बऱ्याच कमी, पण डाव्या करंगळीला अजून येतात. बूट दुमडून पाहिला, अगदी चपातीसारखा दुमडतो. क्लीट्स तूर्त लांबणीवर. फक्त एकाच करंगळीला का, हे कोणाला सांगता येईल?

पावसाळी_पंप
डावा बूट पुढून अरुंद पडतोय का बघा. संध्याकाळी पाय थोडे सुजतात, तेव्हा घालून.

जुनी_चेन
किंवा डावा पंजा पेडलच्या बाहेरच्या कडेवर ठेवत असाल. कोणाला तरी मागून व्हिडिओ काढायला सांगा.