२ टक्क्यांसाठी सीसी कोण उपसतो?

उदगीरवाला: पाइपच्या होलसेलरनं नवीन अट काढली. १० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सीडी, म्हणजे रोखीची सूट, नाही तर ३० दिवसांत पूर्ण बिल. माझी सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, १२ टक्क्यांची. २ मिळवायला १२ भरू? येडा समजायलाय का मला?

खातेवही: राहवलं नाही म्हणून लिहितो. तुमचे १२ वर्षाचे आहेत राव, ते २ फक्त २० दिवसांचे! लाखाच्या बिलाला दहाव्या दिवशी ९८ हजार लागतात. तिसाव्या दिवसापर्यंत थांबलात की तेच ९८ हजार २० दिवस वापरायचे २ हजार गेले. २००० भागिले ९८,०००, गुणिले ३६५ भागिले २०. वर्षाला ३७ टक्के पडतात. सीसीतून उचलले असते तर २० दिवसांचं व्याज ६४४ रुपये. दर बिलामागे साडेतेराशे सोडायलात.

परभणीकर: २ टक्क्यांवर एवढं रामायण? मला कापडवाला आधीच १५ टक्के कमी लावतो.

खातेवही: ते बिलातच कमी केलेलं. पैसे आज द्या नाही तर दिवाळीला द्या, ते मिळणारच. इथं गोष्ट दिवसांची चाललीय.

उदगीरवाला: पण ३० दिवसांत देतो कोण? शेतकऱ्याचं सोयाबीन विकल्याशिवाय माझ्याकडं पैसा येत नाही. मी ७५व्या दिवशी देतो, अन् तो गुमान घेतो.

खातेवही: हे आधी सांगायला काय झालं होतं? मग ६५ दिवसांचं सीसी व्याज २,०९४ अन् सीडी २,०००. म्हणजे तुम्ही बरोबर, ९४ रुपयांनी! पेढे वाटा. ७२व्या दिवसाच्या आत देत असाल तर मात्र सीडीच घ्या.

मोंढा जालना: "गुमान घेतो" म्हणे! असा गुमान घेणारा होलसेलर मीही आहे. मागच्या वर्षी हीच अट लावली. आठ दिवसांत देणारे आधीपासून तसेच देत होते, त्यांनी २ टक्के फुकट नेले. बाकीचे चाळिसाव्या दिवशी आले अन् सीडी कापूनच चेक दिला, तीही जीएसटीच्या रकमेसकट सगळ्या बिलावर. विचारलं तर म्हणे, "रोखच की, शेठ." आता बिलात कापतच नाही. वेळेत पैसे खात्यात पडले तरच क्रेडिट नोट काढून ते २ टक्के जमा देतो.

उदगीरवाला: तुमचं रडगाणं वेगळं. माझी सीसी तर फुल्ल आहे, ९८ हजार आणू कुठून?

खातेवही: मग १२ टक्के हा तुमचा दरच नाही. जिथून आणाल तिथला दर धरा. सावकाराचं ३ रुपये शेकडा म्हणजे वर्षाला ३६. तिसाव्या दिवशी देणाऱ्यालाही त्यात फार काही उरत नाही. तुम्हाला तर नाहीच.

उदगीरवाला: म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं.

खातेवही: तुम्ही २ अन् १२ म्हणत होता.

मोंढा जालना: ७५ दिवसवाल्यानं पुढची ऑर्डर टाकली की मी आधी मागचं खातं उघडतो. बाकी जुळवा तुमची तुम्ही.