अनुभव धागा: गेम अकाउंटला टू-स्टेप लॉगिन लावल्यावर तुमचं काय झालं?

उत्तररात्र

माझ्या अकाउंटला टू-स्टेप लॉगिन होतं, तरीही ते एका रात्रीत गेलं. सात वर्षांचं खेळणं होतं त्यात. कसं गेलं हे कळायला मला दोन दिवस लागले, म्हणून आधी माझं सांगतो. मग तुम्ही तुमचं लिहा, चांगलं-वाईट दोन्ही.

सकाळी गेम उघडला तर लॉगिनची पाटी समोर आणि पासवर्ड चुकीचा. मेल बघितली, इनबॉक्समध्ये काहीच नाही. ट्रॅशमध्ये मात्र तीन मेल सापडल्या, तिन्ही वाचलेल्या. २:११ ला नवीन डिव्हाइससाठी कोड, २:१४ ला पासवर्ड बदलल्याची सूचना, २:२० ला अकाउंटचा ईमेल पत्ता बदलल्याची सूचना. त्या वेळी मी गाढ झोपेत होतो. म्हणजे माझ्यासाठी आलेला कोड कुणीतरी माझ्याच मेलमध्ये बसून वाचला होता.

गेमचा आणि मेलचा पासवर्ड एकच होता आणि तोच मी पूर्वी एका छोट्या साइटवरही दिला होता. मेलला टू-स्टेप नव्हतं. कोड जिथे येत होता ती जागाच उघडी होती.

शेवटच्या मेलमध्ये ‘हा बदल मी केलेला नाही’ अशी लिंक होती, तिने अकाउंट परत मिळालं. लेव्हल शाबूत आहे. ज्या स्किन दुसऱ्याला देता येतात त्या सगळ्या गेल्या.

निळी शाई

वाचून वाईट वाटलं. एक आत्ताच करा: मेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग उघडून बघा. मेलमध्ये घुसलेला माणूस बरेचदा एक नियम करून ठेवतो, की गेमकडून आलेली मेल वाचलेली दाखवायची आणि सरळ ट्रॅशमध्ये टाकायची. तुम्ही पासवर्ड बदललात तरी तो नियम तसाच राहतो. सोबत ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा, नाहीतर आधीपासून आत असलेला आतच राहू शकतो.

मी स्वतः कोडसाठी ऑथेंटिकेटर ॲप वापरते. लावताना एकदा क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. त्यात एक गुप्त किल्ली असते, ती फोनमध्ये आणि गेमच्या सर्व्हरवर सारखीच बसते. ही किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून दोन्हीकडे आपापला आकडा काढला जातो, बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांना नवा. कोड कुठूनही पाठवला जात नाही, त्यामुळे मेल फुटली तरी तो वाटेत कुणाच्या हाती लागत नाही. फोनला नेटवर्क नसलं तरी चालतं.

खडूफळा

ॲपच्या भानगडीत मी पडलो आणि पस्तावलो. प्रत्येक कोड चुकीचा! शेवटी एसएमएस लावला. माझ्या मते एसएमएसच सगळ्यात पक्का, कारण सिम आपल्या खिशात असतं.

निळी शाई

खडूफळा, फोनची वेळ हाताने लावली होती का? आकडा वेळेवरून निघतो. घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढे-मागे असलं की तुमचा कोड सर्व्हरच्या कोडशी जुळत नाही. तारीख-वेळ ‘आपोआप’वर ठेवून बघा.

एसएमएस काहीच नसण्यापेक्षा नक्कीच चांगला. पण सिम खिशात असलं तरी नंबर कंपनीकडे असतो. कुणी खोटी ओळख दाखवून तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं तर कोड त्याच्याकडे जातात.

खडूफळा

वेळ हातानेच लावली होती, बरोबर. लवकर उठावं म्हणून दहा मिनिटं पुढे ठेवतो. तरीही एसएमएस सोडणार नाही. फोन बदलला तरी नंबर तोच राहतो, ही सोय ॲपमध्ये नाही.

पाऊलवाट

माझं वेगळंच आहे. फोन रीसेट केला आणि गेम पहिल्या लेव्हलपासून सुरू झाला. मी ‘गेस्ट’ म्हणून खेळत होते. टू-स्टेप लावलं असतं तर वाचलं असतं का?

निळी शाई

नाही, पाऊलवाट. गेस्टला पासवर्डच नसतो, त्यामुळे दुसरी पायरी लावायला जागाच नाही. आधी गेम एखाद्या अकाउंटला जोडावा लागतो. पण गूगल किंवा फेसबुकने जोडलात तर खरं दार तेच. टू-स्टेप त्या अकाउंटला लावायचं. अशा वेळी गेमच्या सेटिंगमध्ये तो पर्याय शोधून बरेचदा सापडत नाही.

रानवारा

खडूफळांनी फोन बदलण्याचं काढलं म्हणून लिहितो. जुना फोन पुसून देऊन टाकला, ॲप त्यातच होतं. नव्या फोनवर तेच ॲप घातलं, आत एकही अकाउंट नाही. बॅकअप कोड लावताना दाखवले होते, मी ‘पुढे’ दाबून मोकळा झालो होतो. मग सपोर्टशी अकरा दिवस मेलामेली. अकाउंट कधी उघडलं, पहिली खरेदी कोणती, तिच्या पावतीचा क्रमांक काय, हे सगळं विचारलं. पावती सापडली म्हणून सुटलो.

आता फोन बदलताना जुना आठवडाभर तसाच ठेवतो. आधी नव्या फोनवर कोड चालतो का ते खरंच लॉगिन करून बघतो, मगच जुना पुसतो. स्टीमवाल्यांनी आपला R ने सुरू होणारा रिकव्हरी कोडही आजच कागदावर उतरवा.

सायलीची आई

मुलीच्या अकाउंटला टू-स्टेप मीच लावलं होतं, कोड माझ्या फोनवर यायचा. एका संध्याकाळी ती धावत आली, “आई, कोड सांग ना पटकन, तीस सेकंदच आहेत!” मी सांगितला. दहा मिनिटांत तिचं अकाउंट गेलं.

चॅटमध्ये ‘मैत्रिणीने’ फुकट स्किनची लिंक दिली होती. ते पान हुबेहूब गेमच्या लॉगिनसारखं होतं. तिने पासवर्ड टाकला, पानाने कोड मागितला, आम्ही तोही दिला. पलीकडचा माणूस त्याच वेळी खऱ्या साइटवर दोन्ही भरत होता. त्या मैत्रिणीचं अकाउंट आदल्या दिवशीच गेलेलं होतं, हे नंतर कळलं.

आता आमचं ठरलंय. कोड लागला की आधी मी स्क्रीन बघते. पत्त्याच्या पट्टीतलं नाव आम्ही दोघी एकेक अक्षर मोठ्याने वाचतो. आणि तिने स्वतः गेम उघडलेला नसताना कोड मागितला गेला, तर तो द्यायचाच नाही.

डावखुरा

माझ्याकडे कोड मागितलाच गेला नाही. गेमसाठी कुणीतरी दिलेला एक मॉड कॉम्प्युटरवर चालवला. त्याने ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलून नेलं. आधीच आत असलेल्याला दुसरी पायरी कोण विचारणार? कॉम्प्युटर साफ करून सगळीकडून साइन आउट केलं, मग पासवर्ड बदलला, तेव्हा थांबलं. ‘या डिव्हाइसवर ३० दिवस विचारू नका’ ही खूण मी आता लावत नाही. तुम्ही लावता का?

रानवारा

घरच्या कॉम्प्युटरवर लावतो. रोज कोड टाकायचा कंटाळा येऊन टू-स्टेपच बंद करण्यापेक्षा ते बरं वाटतं.

उत्तररात्र

निळी शाई, फिल्टर होता. गेमचं नाव असलेली प्रत्येक मेल ट्रॅशमध्ये, अगदी तुम्ही सांगितलंत तसाच. पासवर्ड बदलून चार दिवस झाले होते तरी तो चालूच होता. काढून टाकला.

आता मेलचा पासवर्ड वेगळा आहे, मेललाही टू-स्टेप आहे आणि दोन्हीचे कोड ॲपवर येतात. मेलने दहा बॅकअप कोड दिले, ते वहीत उतरवले. एक वापरून बघितला, चालला, त्याच्यावर काट मारली. नऊ उरलेत.

एक प्रश्न राहिला. हे अकाउंट धाकटा भाऊही खेळतो. तोच क्यूआर कोड त्याच्या फोनवरही स्कॅन केला तर दोघांना एकच कोड दिसतो, हे करून बघितलं. पण असं ठेवावं का?