अनुभव धागा: संवादातले एक वाक्य आणि दारात उभी असलेली पंधरा वर्षांची मुलगी

दुपारची_सावली
माझ्या कथेत पंधरा वर्षांची मुलगी दारात बूट घालत आहे आणि आई तिला आदल्या रात्रीच्या भांडणाविषयी विचारत आहे. पहिल्या खर्ड्यात मुलगी म्हणते, "आई, मला आता उशीर होत आहे, त्यामुळे परत आल्यावर आपण यावर सविस्तर बोलू." ते वाचून मैत्रिणीने एवढेच विचारले, की ही मुलगी बँकेत नोकरीला आहे का. अशी वाक्ये पुन्हा लिहिताना आपण नेमके काय केलेत, ते उदाहरणासह सांगावे.

कोरा_कागद
मुले हल्ली जे शब्द वापरतात ते घालावेत, असा माझा अनुभव आहे. मी अशाच एका वाक्याचे "चिल ना, लेक्चर नको देऊस" असे केले आणि पात्र एकदम तरुण झाले. काही वर्षांनी तीच कथा पुन्हा वाचताना मात्र ते शब्द मला शिळे वाटले, हे कबूल करतो. तरी एखादा असा शब्द हवाच, या मतावर मी कायम आहे.

तिसरी_घंटा
मी एकांकिका लिहितो आणि तालमीत मुलांच्या तोंडी माझी वाक्ये अडखळताना अनेकदा पाहिली आहेत. शब्द बदलण्याआधी आपल्या वाक्यातले "त्यामुळे" काढावे, कारण घाईत असलेली मुलगी कारण आणि निष्कर्ष अशी जोडणी करत बसत नाही. ती दोहोंपैकी एकच सांगते. त्यानंतर "सविस्तर" जाईल, आणि "होत आहे"चे "होतोय" होईल. एवढे केल्यावर "आई, उशीर होतोय मला, आल्यावर बोलू" असे काहीसे उरते. ते बरे आहे, पण अजून शांत आहे. आता "आई" हे संबोधन आरंभावरून उचलून शेवटी ठेवून पाहावे: "उशीर होतोय मला, आई." पहिल्या जागी ती हाक होती, शेवटी गेल्यावर ती कुरकुर झाली. आणि सर्वांत मोठा बदल मुलीच्या वाक्यात करायचाच नाही, तो आईच्या वाक्यात करायचा. आईला वाक्य पूर्ण करू देऊ नये. "काल रात्री तू जे..." इतक्यातच मुलीचे "आल्यावर!" यावे. माझ्या नटांना उतावीळपणा सापडला, तो नेहमी समोरच्याचे वाक्य तुटले तिथेच.

घरचा_अभ्यास
माझा मुलगा चौदा वर्षांचा असून तो असाच उलट बोलतो. त्याचे बोलणे संपेपर्यंत मी गप्प राहतो आणि मग शांतपणे समजावतो. आपणही त्या मुलीच्या आईला तसेच करायला लावावे.

तिसरी_घंटा
प्रश्न कथेतल्या वाक्याचा आहे, पण आपण गप्प राहिल्यावर मुलगा पुढे काय म्हणतो?

घरचा_अभ्यास
"झालं? जाऊ?" असे म्हणतो.

जुनी_वही
वरच्या दोन शब्दांत मला माझी चूक सापडली. मी एका कथेत मुलाची वाक्ये छाटत छाटत "आल्यावर बोलू" इथपर्यंत आणली होती. वाचकांनी विचारले, हा वडील आहे की मुलगा? तुटक बोलणे दमलेल्या बापालाही शोभते, चिडलेल्या साहेबालाही. फरक असा, की त्यांना कोणाची परवानगी लागत नाही, तर मुलाला घाई असते आणि तरीही त्याला विचारावेच लागते. मी "जाऊ ना आता?" असे केले, तेव्हा तो "ना" चिडका आणि विनवणीचा अशा दोन्ही सुरांत वाचता आला. मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय हे कळत नाही; कागदावर दोन्ही वाक्ये सारखीच निर्जीव दिसतात.

दुपारची_सावली
सर्वांचे आभार. सध्याचा खर्डा असा आहे:

"काल रात्री तू जे..."
"आल्यावर, आई."
"नाही, आत्ताच. मी..."
"हो गंऽ. झालं? जाऊ?"

मुलगी बूट घालत असल्याचे वर्णन मी काढले नाही, उलट दुसरा बूट "झालं?"नंतर घालायला ठेवला आहे, म्हणजे विचारूनही ती जागची हलू शकत नाही.

कोरा_कागद
ठीक आहे, पण "गंऽ" मधला अवग्रह खटकतो. तो लाडाचा वाटतो.

तिसरी_घंटा
मला तो वैतागाचा वाटतो. काढला तर "हो गं" ही निव्वळ संमती होईल.

जुनी_वही
मी तो ठेवला नसता, "हो" दोनदा लिहिले असते: "हो गं. हो."

दुपारची_सावली
दोन्ही लिहून ठेवले आहेत. मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीकडून उद्या मोठ्याने वाचून घेणार आहे.