मदत हवी आहे: डिटरमिनंटच्या प्रश्नातच ताळा कसा बसवायचा?

रेघोटी: पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग गणिताची चाचणी काढतोय. उत्तर चुकलं की चूक पद्धतीची की आकडेमोडीची, हे ठरवायला तपासणाऱ्याला अख्खं गणित पुन्हा सोडवावं लागतं. प्रश्नातच ताळा ठेवता येईल का? सध्याचा प्रश्न:

```
     2   1   3
A =  4   3   4
    -2   2  -6
```

|A| = 6 येतं.

बेरीजवाला: सोपं आहे. सोबत B द्या आणि AB विचारा. |AB| = |A||B| जुळलं की गुणाकार बरोबर.

शून्यशोध्या: तेवढ्याने भागत नाही. AB ऐवजी BA काढणाऱ्याचाही डिटरमिनंट तोच येतो, म्हणजे नेमकी पकडायची चूक निसटते. गुणाकारासाठी B च्या प्रत्येक रोची बेरीज करून एक कॉलम बनवा आणि त्याला A ने गुणा. AB च्या रोंच्या बेरजा तेवढ्याच यायला हव्यात. कुठली रो बिघडली तेही लगेच दिसतं. एकाच रोत एक घटक 2 ने जास्त आणि दुसरा 2 ने कमी असेल, तर मात्र हा ताळा फसतो.

आता तुमचा प्रश्न. पहिल्या रोचे कोफॅक्टर −26, 16, 14. त्यांनाच दुसऱ्या रोच्या घटकांनी गुणून बेरीज करा: −104 + 48 + 56 = 0. मधलं चिन्ह विसरलेल्याकडे इथे −96 येईल. तिसऱ्या रोनेही शून्यच यायला हवं. ताळा विद्यार्थ्याने उतरवून घेतलेल्या आकड्यांवर लावा, नाहीतर उतरवतानाची चूकही कोफॅक्टरच्या माथी जाईल.

आकडे मात्र बदला. चिन्ह विसरलं की उत्तर −26 येतं, आणि पहिला कोफॅक्टरही −26 च आहे! पहिल्या रोतल्या 3 चा 4 करा. कोफॅक्टर तेच राहतात, उत्तर 20 होतं आणि चिन्ह चुकलं तर −12.

उद्याचापेपर: माझी पण शंका. 4 वाली मॅट्रिक्स रो ऑपरेशनने सोडवली, 40 आलं. R₂ → 2R₂ − R₁ केलं होतं. चालतं ना?

बेरीजवाला: चालतं, शेवटी 2 ने भागायचं. रँक काढताना भागावं लागत नाही म्हणून सवय लागते.

शून्यशोध्या: रेघोटी, हा 40 सुद्धा तपासणाऱ्यांच्या तक्त्यात टाका. रोंची अदलाबदल करून चिन्ह न बदलणाऱ्याचं −20 पण. म्हणूनच उत्तर 0 ठेवू नये, या सगळ्या चुका त्यात लपतात.

रेघोटी: मस्त. मग शून्याचा ताळा प्रश्नातच विचारून एक गुण ठेवू का? मुलंच आपली चूक पकडतील.

शून्यशोध्या: मी नाही ठेवणार. शून्य येणार हे माहीत असलं की काही जण आकडे मागून जुळवतात.

बेरीजवाला: जुळवू देत की. कोफॅक्टर तर दिसतातच ना कागदावर. मी तरी गुण ठेवेन.