मदत हवी आहे: विभाग हलवण्याचं पत्र कसं लिहू?

भोसरीची_एचआर: मंडळी, सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी एचआरला आहे. एकूण 140 माणसं. नाशिकच्या कारखान्यातले अकाउंट्स आणि परचेस भोसरीला आणायचं ठरलंय. तिथल्या 11 पदांपैकी 7 इकडे येणार, 4 बंद. सोमवारी सगळ्यांना पत्र जायचंय. साहेबांचा मसुदा असा: "बाजारपेठेचा वेध घेत आपण नव्या पर्वात पदार्पण करत आहोत. काही पदांचे सुसूत्रीकरण करण्यात येईल. घाबरून जाण्याचे कारण नाही." वाचून माझ्याच पोटात गोळा आला. त्या चौघांत एक ताई 18 वर्षं तिथे आहेत. खोटं न बोलता, पण धास्ती न बसवता कसं लिहू?

सह्याद्री_७२: आकडा लिहू नका. आकडा दिसला की लोक नावं शोधायला लागतात.

निवृत्त_पर्सोनेल: नावं नकोत, पण आकडा हवाच. "काही पदं" वाचून 140 घरांत हप्त्यांचा हिशोब सुरू होतो. आणि "घाबरू नका" आधी काढा, त्यानेच माणूस दचकतो. मी असं लिहीन:

"1 जुलैपासून नाशिकचे अकाउंट्स आणि परचेस भोसरीतून चालतील. तीच बिलं दोन ठिकाणी तपासली जातात. हा खर्च परवडत नाही, म्हणून आम्ही हा निर्णय घेतला. नाशिकची 7 पदं भोसरीत येतील, 4 बंद होतील. या 11 सहकाऱ्यांशी आम्ही समोरासमोर बोललो आहोत. इतर कोणाचं पद किंवा पगार या निर्णयाने बदलत नाही. घरभाड्याच्या मदतीचं अजून ठरलेलं नाही. 15 जूनपर्यंत कळवू."

"या निर्णयाने" हे शब्द गाळू नका. पुढे कधीच कपात होणार नाही, असं वचन तुमच्या हातात नाही. आणि "बोललो आहोत" हे खरं ठरायला त्या 11 जणांना पत्राआधी भेटा. ताईंना ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून कळता कामा नये.

मनमाडचा_मी: माझी बदली झाली, मी राजीनामा दिला. सहा वर्षं झाली होती. ग्रॅच्युइटी मिळेल का?

निवृत्त_पर्सोनेल: सलग पाच वर्षं भरली असतील तर राजीनामा दिला तरी मिळते. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा. भोसरी, ताई कायद्याने कामगार ठरल्या, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे 270 दिवसांचा. ग्रॅच्युइटी वेगळी. कामगार की नाही हे हुद्द्यावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं, वकिलांना विचारा. त्यांचा आकडा कागदावर लिहूनच भेटीला जा.

सह्याद्री_७२: आकड्याचं पटलं. पण 11 जणांना आधी सांगितलं की तासाभरात कारखानाभर होईल.

निवृत्त_पर्सोनेल: होईलच. म्हणून भेटी सकाळी नऊला, पत्र त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी.

भोसरीची_एचआर: मसुदा दाखवला. "आम्ही निर्णय घेतला" साहेबांनी ठेवलं, पण "परवडत नाही" वर अडलेत; म्हणतात, बँकेपर्यंत जाईल. त्याजागी "दुहेरी खर्च टाळण्यासाठी" लिहिलं तर खरं राहतं का? ताईंना भेटायला मी स्वतः नाशिकला जातेय.