आपोआप आलेलं टोकन: अप्रूव्ह दाबल्यावर यूएसडीटी जातो का?

मिरज_डिझाइन:
मी मिरजेत घरून पॅकेजिंग डिझाइनची कामं करते. बाहेरचे दोन क्लायंट यूएसडीटीत, म्हणजे डॉलरच्या भावाने चालणाऱ्या क्रिप्टो टोकनमध्ये पैसे देतात, बीएनबी चेनवरच्या वॉलेटमध्ये साधारण १,८०० पडून आहेत. परवा त्याच वॉलेटमध्ये एक अनोळखी टोकन दिसायला लागलं, किंमत दाखवतंय सहा हजार डॉलरच्या वर. टोकनच्या नावातच एका वेबसाइटचा पत्ता आहे. पॅनकेकस्वॉप या टोकन अदलाबदलीच्या साइटवर विकायला घेतलं, अप्रूव्ह झालं, पण स्वॉप होईना. एररमध्ये ‘त्या साइटवर जाऊन अनलॉक करा’ असं येतं. साइटवर जाऊ का? आणि दाबलेल्या अप्रूव्हमुळे माझा यूएसडीटी जाईल का?

तासगाव_बेदाणा:
ताई, बाकी सगळं सोडा, आधी यूएसडीटी दुसऱ्या वॉलेटला हलवा. विट्याला माझा मेहुणा असतो, त्याचं अगदी असंच झालं. टोकन आलं, अप्रूव्ह दाबलं, आणि अर्ध्या तासात यूएसडीटी साफ. अप्रूव्ह दाबलं की सगळं वॉलेट त्यांच्या ताब्यात जातं. टोकनला हातच लावायचा नाही.

कृष्णाकाठ:
घाई करायची गरज नाही. साइटवर मात्र अजिबात जाऊ नका.

अप्रूव्ह हे वॉलेटला दिलेलं नसतं, एका टोकनला दिलेलं असतं. तुम्ही त्या टोकनच्या कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे चेनवरच्या त्याच्या कोडला सांगितलंत की पॅनकेकस्वॉपच्या राउटरला माझ्याकडचं हे टोकन उचलू दे. ती नोंद त्याच कॉन्ट्रॅक्टमध्ये राहते. यूएसडीटीचा कॉन्ट्रॅक्ट वेगळा, त्याची वही वेगळी, आणि त्यात तुमच्या नावापुढे काही लिहिलं गेलेलं नाही. एका बँकेच्या खात्यावरचा कोरा चेक कुणाला दिला म्हणून दुसऱ्या बँकेतले पैसे निघत नाहीत, तसं आहे. बनावट टोकनच्या कोडमध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी तो कोड यूएसडीटीकडे गेला की यूएसडीटीला समोर ते टोकन दिसतं, तुम्ही दिसत नाही.

तेव्हा आत्तापर्यंत गेलं असेल ते गॅसपुरतं, म्हणजे चेनवरच्या व्यवहाराच्या फीपुरतं. तेवढं मात्र बघा. साध्या अप्रूव्हला पंचेचाळीस-पन्नास हजार युनिट गॅस लागतो. काही टोकनांच्या अप्रूव्हमध्येच गॅस खाणारा कोड घातलेला असतो, तिथे आकडा कितीतरी पटींनी जास्त दिसतो.

तासगाव_बेदाणा:
मग माझ्या मेहुण्याचे पैसे गेले कसे? त्याने पण अप्रूव्हच दाबलं होतं. उगाच लोकांना निर्धास्त करू नका.

कृष्णाकाठ:
त्यांनी अप्रूव्ह कुठे दाबलं होतं, पॅनकेकस्वॉपवर की टोकनच्या नावातल्या साइटवर? त्यांचा पत्ता एक्स्प्लोररवर, म्हणजे चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर उघडून पैसे जायच्या आधीची अप्रूव्हची नोंद बघा. ती कुठल्या कॉन्ट्रॅक्टला गेलीय तेवढं सांगा.

राजवाडा_सातारा:
मला वाटतं इथे सगळेच जास्त घाबरवतायत. एअरड्रॉप, म्हणजे फुकट वाटलेली टोकनं, खरे असतात. २०२० मध्ये युनिस्वॉपने जुन्या वापरकर्त्यांना प्रत्येकी ४०० यूएनआय दिले होते, ज्यांनी घेतले त्यांचं भलं झालं. वॉलेट किंमत दाखवतंय म्हणजे बाजारात पूल, म्हणजे अदलाबदलीसाठी ठेवलेला साठा आहे, खरेदीदार आहे. स्लिपेज, म्हणजे भावात किती फरक चालेल ती मर्यादा वाढवून थोडं-थोडं विकून बघा. सगळंच फसवं म्हटलं तर खरं आलेलं पण लोक सोडून देतील.

कृष्णाकाठ:
यूएनआयचं उदाहरण बरोबर आहे, पण ते या टोकनच्या विरुद्ध जातं. ते ४०० यूएनआय कुणाच्या वॉलेटमध्ये आपोआप पडले नव्हते. युनिस्वॉपच्या स्वतःच्या साइटवर जाऊन क्लेम करावे लागायचे, आणि क्लेम करताना तुमच्या दुसऱ्या कुठल्या टोकनचं अप्रूव्ह कोणी मागत नव्हतं.

इथे किंमत कुठून आली ते बघा. टोकन बनवणारा स्वतःच थोडे बीएनबी आणि ढीगभर टोकन घालून पूल उघडतो. वॉलेट त्या पुलातला भाव घेतं आणि तुमच्याकडच्या संख्येने गुणतं, झाले सहा हजार डॉलर. पुलात तेवढे पैसे असायची गरज नसते. आणि विक्री अडते ती स्लिपेजमुळे नाही. विकणारा पत्ता मालकाचा नसेल तर व्यवहार फेल करायचा, असं ट्रान्सफरच्या कोडमध्येच लिहिलेलं असतं. फेल करताना कुठला संदेश दाखवायचा हेही तोच ठरवतो, म्हणून एररमध्ये साइटचा पत्ता येतो. पॅनकेकस्वॉपचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही स्लिपेज वाढवत बसलात तर प्रत्येक फेल व्यवहाराला गॅस जाणार, एवढंच होईल.

हळद_पेठ:
यावर टॅक्स कसा लागतो कोणी सांगेल का? आपोआप आलेलं टोकनसुद्धा आयटीआरमध्ये दाखवायचं का? वरच्या ताईंच्या हिशोबाने सहा हजार डॉलर म्हणजे मोठी रक्कम झाली.

राजवाडा_सातारा:
विकून फायदा झाला की सरसकट ३० टक्के, वर सेस. नुसतं पडून असलेल्या टोकनवर माझ्या सीएंनी वेगळं मत दिलं, दुसऱ्या सीएंनी वेगळं.

कृष्णाकाठ:
विकताच येत नाही त्याची किंमत सहा हजार धरायची कशी, हा त्यातला खरा प्रश्न आहे. तुमच्या सीएंनाच विचारा. इथे मूळ मुद्दा राहून जाईल.

तासगाव_बेदाणा:
मेहुण्याकडून बघून घेतलं. अप्रूव्हच्या दोन नोंदी आहेत. पहिली त्या टोकनची. दुसरी त्यानंतर काही मिनिटांनी, ‘बीएससी-यूएसडी’ असं काहीतरी लिहिलेल्या कॉन्ट्रॅक्टला. तो म्हणतो, साइटवर ‘अनलॉक’ नावाचं बटण होतं, ते दाबल्यावर वॉलेट उघडलं आणि त्याने कन्फर्म केलं. आपण टोकनच अनलॉक करतोय असं त्याला वाटलं.

कृष्णाकाठ:
पैसे त्या दुसऱ्या नोंदीने गेले. बीएससी-यूएसडी म्हणजेच बीएनबी चेनवरचा यूएसडीटी. वॉलेटमध्ये त्यांच्यापुढे साधारण हे आलं असणार:

```
to:      0x55d398326f99059fF775485246999027B3197955
data:    0x095ea7b3
spender: (अनोळखी पत्ता)
amount:  ffffffff…ffffffff
```

पहिल्या ओळीतला पत्ता यूएसडीटीच्या कॉन्ट्रॅक्टचा आहे, आलेल्या टोकनचा नाही. `0x095ea7b3` म्हणजे अप्रूव्ह. स्पेंडर म्हणजे ज्याला उचलायची परवानगी मिळते तो. शेवटचा आकडा म्हणजे मर्यादाच नाही. साइटवरच्या बटणावर ‘अनलॉक’ लिहा, ‘क्लेम’ लिहा, ‘व्हेरिफाय’ लिहा, ते नुसतं चित्र आहे. वॉलेट जे दाखवतं तेच खरं घडतं. हे एकदा कन्फर्म झालं की तो अनोळखी पत्ता स्वतःच `transferFrom` चालवून यूएसडीटी नेतो. त्या वेळी तुमचं वॉलेट काही विचारत नाही, कारण परवानगी तुम्ही आधीच दिलेली असते. मेहुण्यांचे अर्ध्या तासात गेले, पण महिनाभर थांबून, बॅलन्स वाढल्यावर नेणारेही असतात.

आलेलं टोकन हे फक्त साइटपर्यंत नेण्यासाठी असतं. चोरी होते ती तुमच्याकडच्या खऱ्या टोकनच्या अप्रूव्हवर.

तासगाव_बेदाणा:
बरं, तुमचं तांत्रिक म्हणणं पटलं. तरी मी माझ्या मतावर ठाम आहे. माझ्या मेहुण्यासारख्या माणसाला ‘या अप्रूव्हने जात नाही, त्या अप्रूव्हने जातं’ असं सांगितलं की तो पुढच्या वेळी पण दाबणार. दोन्ही वेळा वॉलेट सारखंच दिसतं. त्याला एकच सांगायचं: हात लावू नको.

कृष्णाकाठ:
हात लावू नका हे मीही म्हणतो. पण त्याचं कारण चुकीचं सांगितलं तर माणूस उलट्या बाजूने फसतो. हे टोकन वाईट, तेव्हा हे सोडून बाकी कुठेही अप्रूव्ह चालतं, असं त्याच्या डोक्यात बसतं. उद्या टोकन न पाठवता नुसती लिंक आली तर तो यूएसडीटीचं अप्रूव्ह बिनदिक्कत देईल. स्पेंडर कोण आणि टोकन कुठलं, या दोन ओळी वाचायची सवय लागली तर दोन्हीकडून वाचतो.

राजवाडा_सातारा:
मी तर म्हणतो, अप्रूव्ह न देता फक्त साइन करून बघायला काय हरकत आहे? साइनला गॅस लागत नाही, म्हणजे चेनवर काही जात नाही.

कृष्णाकाठ:
नाही दादा, यात मोठा धोका आहे. गॅस लागला नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं. इथेरियमवरच्या यूएसडीसीला ‘परमिट’ आहे: तुमची नुसती सही घेऊन समोरचा स्वतःच्या गॅसने तुमचं अप्रूव्ह चेनवर नोंदवतो. यूएसडीटीला तशी सोय नाही, पण तुम्ही कधी स्वॉप करताना ‘परमिट२’ नावाच्या कॉन्ट्रॅक्टला यूएसडीटीचं अप्रूव्ह दिलेलं असेल, तर तिथेही पुढचं काम एका सहीवर होतं. आणि अशी सही वापरली जाईपर्यंत एक्स्प्लोररवर तिचा मागमूस नसतो. अप्रूव्ह निदान लगेच दिसतं.

मिरज_डिझाइन:
सगळ्यांचे आभार. साइट काल उघडली होती, वॉलेट कनेक्टही केलं होतं, पण साइनची विंडो आली तेव्हा रद्द केलं. आता बीएससीस्कॅनवर अप्रूव्हल तपासायचं पान आहे, तिथे माझा पत्ता घातला. दोन ओळी आल्या. एक त्या टोकनची, स्पेंडर पॅनकेकस्वॉपचा राउटर. दुसरी यूएसडीटीची, अमर्याद, आणि स्पेंडर एक पत्ता जो मला आठवतसुद्धा नाही. तारीख २०२२ ची आहे. तेव्हा कुठेतरी व्याजासाठी पैसे ठेवून बघितले होते.

कृष्णाकाठ:
रद्द केलं असेल तर सही गेलेली नाही. नुसतं कनेक्ट केल्याने त्यांना तुमचा पत्ता कळतो, बाकी काही नाही. पण वॉलेटमधून डिसकनेक्ट केलं म्हणून अप्रूव्ह पुसलं जातं असंही नाही, ती दोन वेगळी कामं आहेत.

दुसरी ओळ आजच काढा. त्याच पानावर रिव्होक आहे. त्याने यूएसडीटीच्या कॉन्ट्रॅक्टला त्याच स्पेंडरसाठी शून्याचं अप्रूव्ह जातं, म्हणून थोडे बीएनबी गॅसला लागतील. कन्फर्म करताना वर `0x55d3…7955` आणि आकडा शून्य, एवढं बघून घ्या. पहिली ओळ ठेवली तरी चालेल. ती काढायला त्याच बनावट कॉन्ट्रॅक्टला पुन्हा गॅस द्यावा लागेल. टोकन नुसतं हाइड करा.

तासगाव_बेदाणा:
मी तरी नवीन वॉलेट काढून यूएसडीटी तिकडे नेला असता. जुन्याला इतक्या ठिकाणी जोडलंय, कोण शोधत बसणार.

कृष्णाकाठ:
वॉलेटचे बारा गुप्त शब्द कुठे टाइप केले असते तर मीही तेच म्हणालो असतो, कारण तिथे रिव्होकचा काही उपयोग नसतो. इथे तसं झालेलं नाही. पण कामाचे पैसे येणारा पत्ता वेगळा आणि प्रयोगाचा पत्ता वेगळा ठेवा, यावर मी तुमच्याबरोबर आहे. मेहुण्यांच्या पत्त्यावर ते दुसरं अप्रूव्ह अजून तसंच आहे का बघा. असेल तर तिथे पुढे जे यूएसडीटी येतील तेही जातील. आणि तक्रार केली नसेल तर १९३० वर करा, व्यवहाराचा हॅश आणि स्पेंडरचा पत्ता दोन्ही द्या.

तासगाव_बेदाणा:
तसंच आहे. आत्ताच फोन लावला. त्याला याच पत्त्यावर सोमवारी कुणाकडून तरी पैसे यायचे होते, ते थांबवायला सांगितलंय.